८३ टक्के हेल्थ, तरी फोन २० टक्क्यांवर बंद: बॅटरी बदलू की चार्जर?

प्रश्न: दादा, माझा अँड्रॉइड फोन अडीच वर्षांचा आहे, बॅटरी ५००० एमएएचची. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ ८३ टक्के आणि सायकल ७४२ दिसतात. हल्ली संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये १८-२० टक्के असतानाच फोन अचानक बंद पडतो आणि तिकीट मोबाइलमध्येच असतं. ऑफिसमध्ये लॅपटॉपला लावला तर तासाभरात जेमतेम १२-१३ टक्के चढतात, घरच्या चार्जरवर मात्र ठीक चार्ज होतो. दुकानदार म्हणाला, हेल्थ ८० च्या वर आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे, ६७ वॅटचा नवीन चार्जर घ्या. भाऊ म्हणतो बॅटरी बदल. कोणाचं ऐकू? (डोंबिवली-दादर रोजचा प्रवास)

उत्तर:

ताई, भावाचं ऐका. पण दुकानदार जे ८० टक्क्यांचं बोलला ते त्याच्या मनचं नाही, ते सगळीकडे चालतं आणि त्यानेच लोक फसतात. त्यामुळे आधी ते दोन आकडे नेमकं काय सांगतात ते बघू. मग तुम्हाला माझ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही, घरीच दोन रात्रींत खात्री करून घेता येईल.

सायकलपासून सुरू करतो, कारण तो आकडा सरळ आहे. चार्जरला लावलं की एक सायकल झाली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. बॅटरीतून एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल मोजली जाते. आज ६० टक्के वापरले, रात्री भरले, उद्या ४० वापरले, तर दोन दिवसांत मिळून एक सायकल. तुमच्या अडीच वर्षांचे साधारण ९१० दिवस धरले आणि ७४२ ला त्याने भागलं, तर दिवसाला ०.८ सायकल येते. म्हणजे तुम्ही रोज सरासरी ८० टक्के बॅटरी खर्च करता. डोंबिवलीहून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला हे अगदी जुळतं. गाडी धावत असताना फोन सारखा एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, मध्येच नेटवर्क बारीक झालं की जोर लावून सिग्नल पाठवतो, आणि त्यात बॅटरी जाते. घरी वायफायवर तेवढाच वेळ तेच व्हिडिओ पाहिले तर निम्म्यात भागतं.

७४२ सायकलला ८३ टक्के हा आकडा वाईट आहे का? मुळीच नाही. तुलना करायची तर अ‍ॅपल स्वतः सांगते की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलला ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत आणि आयफोन १५ पासून पुढच्या १००० सायकलला. युरोपात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनना ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता शिल्लक असण्याची सक्ती झाली आहे. त्या हिशेबात तुमची बॅटरी वयाप्रमाणे म्हातारी झालेली आहे, आजारी नाही. तुमच्या चार्जरने किंवा तुम्ही काही चुकीचं केल्याने ती खराब झाली, असं या आकड्यांत कुठेही दिसत नाही. सायकल फक्त ३०० आणि हेल्थ ७९ असती, तर मी विचारलं असतं, फोन रात्रभर उशीखाली चार्ज होतो का, की स्कूटरच्या होल्डरवर भर उन्हात मॅप चालू असतो? सायकल हा हेल्थचा साक्षीदार आहे. एकटा सायकलचा आकडा बघून बॅटरी बदलायचा निर्णय मी कधीच घेत नाही.

आता हेल्थचा आकडा. इथे सगळी गंमत आहे.

हेल्थ टक्के म्हणजे नव्या बॅटरीत जेवढा चार्ज मावायचा त्याच्या किती टक्के आता मावतो, एवढंच. ५००० ची ८३ टक्के म्हणजे ४१५०. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी केवढी आहे ते हेल्थ सांगतं. पण टाकीतून खाली येणारी पाइप गंजून आतून अरुंद झाली असेल, तर ते हा आकडा सांगत नाही. एक नळ उघडा, पाणी नीट येतं. सकाळी सात वाजता तिन्ही मजल्यांवर नळ उघडले की धार बारीक होते, आणि टाकी खाली गेलेली असेल तर बंदच पडते. टाकीत पाणी असतं, येत नाही एवढंच.

बॅटरीच्या या पाइपला आतला रेझिस्टन्स म्हणतात. बॅटरी जुनी होत जाते तसा तो वाढतो, आणि क्षमता जेवढ्या वेगाने कमी होते त्याच वेगाने तो वाढेल असं काही नाही. ढोबळ आकडे घेऊन सांगतो. नव्या बॅटरीचा रेझिस्टन्स आतल्या जोडण्या धरून ०.१ ओहमच्या आसपास धरा. तुमच्यासारख्या वापरलेल्या बॅटरीत तो ०.२५ झाला असं माना. २० टक्क्यांवर बॅटरीचं व्होल्टेज शांत असताना ३.७ च्या जवळ असतं. आता गाडी कळव्याच्या पुढे गेली, नेटवर्क गेलं, स्क्रीन पूर्ण उजेडात, मागे कॅमेरा किंवा मॅप चालू, आणि फोनने क्षणभर ३ अँपिअर ओढले. नव्या बॅटरीत व्होल्टेज ०.३ ने पडून ३.४ ला येतं, फोनला पत्ताही लागत नाही. तुमच्या बॅटरीत ते ०.७५ ने पडतं, २.९५ वर येतं. फोनचं सर्किट साधारण ३ व्होल्टच्या आसपास स्वतःला वाचवायला बंद होतं. स्क्रीन काळी. त्या क्षणी टाकीत २० टक्के खरोखर होते.

म्हणून ८३ टक्के हेल्थ आणि २० टक्क्यांवर बंद पडणं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. दुकानदाराने फक्त टाकी मोजली.

(आयफोनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते. तिथे असा अचानक बंद पडण्याचा प्रकार एकदा घडला की फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग आवरतो आणि बॅटरी हेल्थच्या पानावर तसं लिहूनही दाखवतो. लोक मग 'फोन स्लो झाला' म्हणून येतात. बॅटरी बदलली की वेग परत येतो.)

आता तुमच्या फोनमध्ये पाइपच गंजली आहे की टक्क्यांचा काटाच चुकतो आहे, हे कसं ओळखायचं? दोन्हींत फोन अचानक बंद पडतो, पण औषध वेगळं आहे.

पुढच्या वेळी फोन १८ टक्क्यांवर बंद पडला की लगेच, पाचेक मिनिटांत, पॉवर बँक किंवा चार्जर लावा आणि चालू करा. उठल्यावर पहिला आकडा कोणता दिसतो ते बघा. १२-१५ टक्के दिसले, तर चार्ज आत होता आणि बाहेर येऊ शकला नाही, म्हणजे पाइप. ० किंवा १ दिसला, तर बॅटरी खरोखर रिकामी होती आणि फोन तुम्हाला खोटे १८ दाखवत होता, म्हणजे काटा. बंद झाल्यावर चालू होताना फोन बॅटरीचं व्होल्टेज नव्याने मोजून अंदाज बांधतो, म्हणून ही परीक्षा चालते.

काटा चुकीचा निघाला तर बॅटरीवर खर्च करण्याआधी एक उपाय फुकट आहे. एकदा फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरा, बंद असतानाच १०० टक्के करा, पूर्ण झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा. काटा म्हणजे फोनमधली एक चिप. ती आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करत असते. जे लोक कायम ४० ते ७५ च्या मध्येच फोन ठेवतात, त्यांच्या चिपला दोन्ही टोकं कधी दिसतच नाहीत आणि छोट्या छोट्या चुका साठत जातात. महिन्यातून नाही, पण गरज पडल्यावर एकदा असं केलेलं चांगलं. दर आठवड्याला करू नका, पूर्ण रिकामी करणं बॅटरीला मानवत नाही.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. एक दिवस २५ टक्क्यांवर आल्याबरोबर बॅटरी सेव्हर लावा, उजेड कमी करा, मोबाइल डेटा बंद ठेवा. फोन आरामात ५ टक्क्यांपर्यंत उतरला तर नळ एकेकच उघडले की पाणी येतं, हे सिद्ध झालं. तुमचा फोन असाच वागेल, असा माझा अंदाज आहे. नवीन बॅटरी पडेपर्यंत गाडीत बसल्यावर हेच करत चला, तिकीट दाखवायच्या वेळी फोन जिवंत राहील.

हेल्थचा आकडा स्वतःसुद्धा किती डोळे मिटून मानायचा, हे एका फोनवरून सांगतो. मागे एक गिऱ्हाईक आलं, गोरेगावचे काका, रिक्षा चालवतात, फोन हँडलच्या होल्डरवर. फोन ५००० एमएएचचा, हेल्थ ९१ दाखवत होता, तक्रार एकच, दुपारी दोनला संपतो. मला ९१ पटेना. माझ्याकडे यूएसबी मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा छोटा डबा, ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतो. फोन पूर्ण उतरवला, बंद ठेवला आणि १०० टक्के होईपर्यंत मीटरमधून भरला. मीटरने १५.४ वॉट-तास दाखवले. यातले साधारण १५ टक्के केबल आणि फोनच्या आतल्या सर्किटमध्ये उष्णता होऊन जातात, म्हणजे बॅटरीत गेले १३.१. नवी ५००० ची बॅटरी ३.८५ व्होल्टने गुणली की १९.२५ वॉट-तास होते. १३.१ भागिले १९.२५ म्हणजे ६८ टक्के. फोन म्हणत होता ९१! बॅटरी काढली तर मधोमध हलकीशी फुगलेली. होल्डरवर रोज ऊन, मॅप चालू आणि वर चार्जिंगही चालू, असं दीड वर्ष चाललं होतं. त्या पंधरा टक्क्यांच्या नुकसानीचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून मीटरवरून मी कधी ७८ की ८१ असा वाद घालत नाही. पण ९१ आणि ६८ मधला फरक मीटर नक्की पकडतो.

कंपनीचा काटाही चुकतो, हे मोठ्या कंपन्यांनीच मान्य केलं आहे. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १४.५ मध्ये आयफोन ११ च्या मालिकेसाठी हेल्थचा आकडा नव्याने मोजून घ्यायची सोय दिली होती, कारण काही फोनवर तो चुकीचा दिसत होता. उलट बाजूनेही गंमत असते. नवीन फोन सहा-आठ महिने १०० वरच अडकून बसतो आणि मग एका महिन्यात ९६ होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कंपन्या बॅटरीत लिहिलेल्यापेक्षा थोडी जास्त क्षमता देतात आणि ती संपेपर्यंत काटा हलत नाही.

ज्यांच्या फोनमध्ये हे आकडे सहज सापडत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. आयफोनवर `Settings > Battery > Battery Health`, आणि सायकलचा आकडा आयफोन १५ पासून पुढच्यांवरच दिसतो. पिक्सेलवर `Settings > About phone > Battery information` मध्ये सायकल आणि बॅटरी कधी बनली ती तारीख मिळते. सॅमसंगच्या अनेक फोनवर टक्के नसतातच, `Samsung Members` अ‍ॅपच्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरी चांगली की कमजोर एवढाच शब्द मिळतो. कॉम्प्युटरला फोन जोडून यूएसबी डीबगिंग चालू करता येत असेल तर ही आज्ञा बहुतेक अँड्रॉइडवर चालते:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `Charge counter` समोर आलेल्या आकड्याला १००० ने भागलं की आत्ता बॅटरीत असलेले एमएएच मिळतात. त्याला `level` च्या टक्क्यांनी भागा. समजा `Charge counter: 2490000` आणि `level: 60` दिसलं, तर २४९० भागिले ०.६० म्हणजे ४१५०, तुमच्या ८३ टक्क्यांशी जुळणारा आकडा. पण हा त्याच चिपचा शब्द आहे, वेगळा साक्षीदार नव्हे.

आता चार्जर. ऑफिसात तासाला १२-१३ टक्के चढतात म्हणता. तुमचा आकडा हिशेबात इतका चोख बसतो की मला हसू आलं. लॅपटॉपचा जुना चौकोनी यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे २.५ वॅट. १५ टक्के वाटेत गेले, राहिले २.१ वॅट. त्याला ३.८५ ने भागा, ०.५५ अँपिअर, तासाला ५५० एमएएच. तुमच्या ४१५० च्या बॅटरीत ते तेरा टक्के होतात. तुमचा फोन, केबल, बॅटरी सगळं ठीक चाललं आहे, लॅपटॉपचा पोर्टच तेवढं देतो. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावून बघा, बहुतेक वेळा वेग दुप्पट-तिप्पट होतो. नसेल तर घरचा चार्जर बॅगेत घेऊन जा आणि ऑफिसच्या भिंतीच्या प्लगला लावा. नवीन ६७ वॅटचा चार्जर विकत घेऊन तो तुम्ही लॅपटॉपला लावणार नव्हतात ना!

घरचा चार्जर खरंच ठीक आहे का, हेही एकदा घड्याळ लावून बघा. २० टक्क्यांवर लावा आणि ५० व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. साध्या १५ वॅटच्या चार्जरवर तुमच्या बॅटरीला २० ते २५ मिनिटं लागायला हवीत, जास्त वॅटचा असेल तर आणखी कमी. तास-दीड तास लागत असेल तर आधी केबल बदला, मग फोनचा पोर्ट तपासा, चार्जर सगळ्यात शेवटी. चार्जर खराब असल्याची तक्रार घेऊन आलेल्या फोनांत मला सर्वात जास्त वेळा पोर्टमध्ये खिशाचा कापूस सापडतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळू काढा, सुई-टाचणी नको. पावसाळ्यात पोर्टमध्ये ओल असेल तर फोन स्वतःच चार्जिंग नाकारतो, तेव्हा फुंका मारू नका, पंख्यासमोर ठेवा. आणि मे महिन्यात फोन हाताला चटका देण्याइतका तापला असेल तर तो बॅटरी वाचवायला चार्जिंग मुद्दाम हळू करतो. त्यात चार्जरचा दोष नाही.

यातून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. चार्जर बिघडला तर फोन हळू चढतो, पण एकदा चढला की पूर्वीइतकाच टिकतो. बॅटरी म्हातारी झाली तर फोन पूर्वीपेक्षा लवकर 'फुल' होतो आणि लवकर उतरतो, कारण टाकी लहान झाली. 'चार्जर तर मस्त चालतोय, अर्ध्या तासात ९० होतो, पण दुपारपर्यंत संपतो' असं कोणी सांगितलं की मी फोन हातात घ्यायच्या आधीच बॅटरीचं नाव घेतो. फक्त शेवटचे १०-१५ टक्के मात्र जुन्या बॅटरीला रेंगाळत लागतात, तो पुन्हा त्या गंजलेल्या पाइपचाच परिणाम.

दुकानदाराचा ६७ वॅटचा सल्ला तुमच्या फोनला दोन कारणांनी लागू नाही. फोन जेवढं मागतो तेवढंच चार्जर देतो. तुमचा फोन ३३ वॅटचा असेल तर ६७ चा चार्जर ३३ च देणार. शिवाय बऱ्याच चिनी कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि त्यांच्याच केबलवर चालतं, दुसऱ्या कंपनीचा जास्त वॅटचा लावला तर वेग उलट घसरून १०-१५ वॅटवर येतो. आणि समजा खरंच जास्त करंट गेला, तर अडीचपट रेझिस्टन्सच्या बॅटरीत तो तेवढीच जास्त उष्णता करेल, आणि उष्णतेत बॅटरी आणखी लवकर मरते.

म्हणून माझा नियम असा. हेल्थ ८० च्या खाली आणि रोज अडचण होते, तर बॅटरी. ८५ च्या वर आणि बंद पडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका, मग सायकल हजार का असेनात. मधल्या पट्ट्यात, जिथे तुम्ही आहात, मी आकडा बाजूला ठेवतो आणि फक्त एक विचारतो, अचानक बंद पडतो का? तुमचा पडतो. पडत नसता तर मी म्हटलं असतं, आणखी सहा महिने ढकला. चार्जर बदलायचा तेव्हाच, जेव्हा दुसरी केबल आणि स्वच्छ पोर्ट असूनही घरी २० ते ५० ला वेळ लागतो आणि दुसऱ्याच्या चार्जरवर लागत नाही.

फोनचा मागचा भाग उचललेला दिसला, स्क्रीनच्या कडेला फट पडली किंवा फोन टेबलावर ठेवला की डुलतो, तर वरचं सगळं विसरा. बॅटरी फुगली आहे. त्याच दिवसापासून चार्जिंग बंद, दाबून सरळ करायचा प्रयत्न नको, आणि थेट दुकानात.

आता बॅटरी कुठून घ्यायची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तुमच्या वर्गातल्या अँड्रॉइडची बॅटरी मजुरीसकट साधारण दीड ते अडीच हजारांत बसते. लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटला तीच निम्म्यात मिळेल, पण तिथे काय मिळतं ते बघण्याची नजर हवी. तुमच्या बॅटरीच्याच आकारात '६००० एमएएच' किंवा '६५०० एमएएच' लिहिलेली दाखवली तर सरळ बाहेर या. त्याच जागेत एवढा चार्ज मावला असता तर कंपनीनेच तो घातला असता. बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह, त्यासोबत आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असायला हवा. छपाई फिकट किंवा चिकटवल्यासारखी असेल तर मी घेत नाही. बनवल्याची तारीख बघा, दोन वर्षं कपाटात पडलेली 'ओरिजिनल' बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

एक प्रकार मात्र मुद्दाम विचारून घ्या. काही ठिकाणी जुन्या बॅटरीच्या टोकाला असलेला छोटा सर्किट-बोर्ड काढून तो नव्या सेलला जोडतात, म्हणजे फोन 'ओरिजिनल' म्हणून ओळखतो. काम नीट केलं तर चालतं, पण सेलवर उष्णता देऊन जोडणी करायची असते, आणि ती कुणाच्या हाताने होते यावर सगळं अवलंबून. मी तुमच्यासारख्या साध्या अँड्रॉइडला हे कधीच करत नाही, गरजच नसते.

बॅटरी टाकल्यावर सायकल ७४२ च राहिली तर दुकानदाराशी भांडू नका. काही फोनमध्ये हा हिशेब बॅटरीच्या बोर्डवर असतो, तर काहींत फोनच्या स्वतःच्या सर्किटमध्ये. दुसऱ्या प्रकारात बॅटरी नवी आली तरी आकडा जुनाच राहतो. हेल्थचंही तसंच, दोन-तीन वेळा पूर्ण भरून-उतरवून झाल्यावर तो सरकतो. नव्या बॅटरीची परीक्षा आकड्यात नाही, तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. सकाळी डोंबिवलीत १०० असताना निघा आणि दादरला किती उरले ते चार दिवस लिहून ठेवा. बदलण्याआधीही चार दिवस लिहा, म्हणजे तुलना होईल. सकाळी तेवढ्याच प्रवासात आधी ३० टक्के जात असतील, तर नव्या बॅटरीत २५ च्या आसपास जायला हवेत. (८३ ला ३०, तर १०० ला २५, साधं त्रैराशिक.) आणि संध्याकाळी १५ टक्क्यांवर कॅमेरा उघडा. फोन जिवंत राहिला तर पैसे वसूल.

फोन एकदा उघडला की मागचं चिकट सील तुटतं. नवीन सील लावायला सांगा, ते लावतात, पण कारखान्यातल्यासारखं पाणी अडेल असं धरू नका. जूनच्या आधी बदलत असाल तर पावसात फोन छोट्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, पूर्वी ठेवत नसलात तरी.

जुनी बॅटरी घरी नेऊ नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की पेट घेते. दुकानातच सोडा, आमच्याकडे ई-कचरा नेणारे येतात.